तर्जुम्याचा ताळा



गणित सोडवून झाले की त्याचा ताळा पाहायचा, ही शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. वजाबाकी केली की उलट बेरीज करायची, भागाकार केला की गुणून पाहायचे. उत्तर बरोबर वाटते म्हणून कोणी ताळा सोडत नाही. भाषांतराच्या बाबतीत मात्र आपण उलटे वागतो. मजकूर मराठीत आला, वाचायला सरळ लागला, की सही-शिक्का मारून मोकळे होतो. भाषांतराचाही ताळा असतो आणि तो कसा पाहायचा, एवढेच आज सांगायचे आहे. उदाहरण कवितेचे घेणार नाही. कवितेत एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर फार तर टीकाकार रागावतील. मी उदाहरण घेणार आहे जमिनीच्या कागदाचे, कारण तिथे एक टिंब हरवले तर बांध सरकतो.

आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या दरबारी कामकाजात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे हट्ट्यासारख्या गावात, वसमत तालुक्यात, आजही अनेक घरांतल्या पेटीत आजोबा-पणजोबांचे उर्दू कागद आहेत. विक्रीखते, वाटणीपत्रे, पावत्या, महसुली नोंदींच्या नकला. घरातल्या कोणालाही ते वाचता येत नाहीत, पण वाटणीचा वाद कोर्टात गेला की त्यांची गरज पडते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. जे कागद दोन पिढ्या कोणी उघडले नव्हते, त्यांचे मराठी तर्जुमे होऊ लागले. मी कविता मराठीत लिहितो, पण उर्दू वाचतो. म्हणून झालेला तर्जुमा नजरेखालून घालून द्या, असे म्हणत माणसे माझ्याकडेही येतात. या कामात जी पद्धत उपयोगी पडते ती आपल्यापुढे मांडतो.

समजावून सांगण्यासाठी आपण एक विक्रीखत कल्पून घेऊ. तालुका बसमत, जिल्हा परभणी. तारीख खुर्दाद महिन्यातली, साल १३४० फसली. जमीन दोन सर्व्हे नंबरांची. नंबर ४७ मध्ये ७ एकर २५ गुंठे आणि नंबर ४८ मध्ये ४ एकर ३५ गुंठे, एकूण १२ एकर २० गुंठे. किंमत चौदाशे रुपये सिक्का हाली. विकणारे तिघे, दोन भाऊ आणि त्यांची विधवा आई. कागद दोन पानी आहे, मागच्या बाजूला नोंदणी कचेरीचा शेरा आणि गोल शिक्का आहे. याचा मराठी तर्जुमा तयार होऊन आपल्या हातात आला आहे. आता तपासायचे कसे?

पहिली गोष्ट अशी की, एकदाच वाचून सगळे तपासता येत नाही. डोळा अर्थाच्या मागे लागला की आकड्यावरून घसरतो आणि आकड्यावर थांबला की वाक्य निसटते. म्हणून चार वेळा वाचायचे आणि दर वेळी एकच गोष्ट शोधायची. पहिल्या फेरीत गळलेले, दुसऱ्या फेरीत आकडे, तिसऱ्या फेरीत शब्दांचा सारखेपणा, चौथ्या फेरीत तसेच राहून गेलेले उर्दू तुकडे.

पहिली फेरी गळतीची. मूळ कागदाची झेरॉक्स घ्यायची, मूळ कागदावर रेघसुद्धा ओढायची नाही. झेरॉक्सवर प्रत्येक ओळीला पेन्सिलीने नंबर घालायचा. मग दोघांनी बसायचे. एकाने उर्दू ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मराठीत तिचा मजकूर सापडला की त्या जागी तोच नंबर टाकायचा. शेवटी मराठी प्रतीवर एखादा नंबर आलाच नसेल तर ती ओळ गळली.

ओळ गळते ती आळसानेच असे नाही. तिचे कारण बहुतेक वेळा अगदी साधे असते. आपल्या विक्रीखतात विकणाऱ्यांची नावे एकाखाली एक आहेत. पहिल्याच्या नावापुढे 'वल्द' म्हणजे 'याचा मुलगा' असे म्हणून बापाचे नाव आहे. दुसऱ्याच्या नावापुढे तेच. तिसऱ्या ओळीत 'मुसम्मात' म्हणून आईचे नाव, पुढे 'बेवा' म्हणजे 'याची विधवा', आणि पुन्हा त्याच मयत माणसाचे नाव. तिन्ही ओळी एकाच नावावर संपतात. भाषांतर करणारा दुसरी ओळ लिहून मान वर करतो, पुन्हा मूळ कागदाकडे पाहतो, तेव्हा त्याच्या नजरेला ते शेवटचे नाव सापडते. ओळ मात्र तिसरी असते. तिथून तो पुढे जातो आणि आई कागदातून नाहीशी होते. तर्जुमा वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही, कारण दोन भावांनी जमीन विकली हे वाक्य आपल्या जागी पूर्ण आहे. पण उद्या कोणी म्हणेल की आईने तिचा हिस्सा विकलाच नव्हता, तो अजून शिल्लक आहे. आणि तर्जुमा त्याचीच साक्ष देईल.

हे पकडायची एक खूण उर्दू न येणाऱ्यालाही वापरता येते. वरची नावे मोजा आणि खालच्या सह्या व अंगठे मोजा. मूळ कागदाच्या शेवटी तीन निशाण्या आहेत आणि तर्जुम्यात विकणारे दोनच आहेत, तर कुठे तरी माणूस हरवला आहे.

गळतीची दुसरी जागा म्हणजे कागदाचा काठ. समासात आडवे लिहिलेले वाक्य, दोन ओळींच्या मध्ये घुसवलेला शब्द, खोडलेला मजकूर, शिक्क्यातली अक्षरे, मागच्या पानावरचा नोंदणीचा शेरा. भाषांतर करणाऱ्याला वाटते की मुख्य मजकूर झाला म्हणजे काम झाले. पण दस्ताचा नोंदणी क्रमांक त्या मागच्या शेऱ्यातच असतो आणि जुन्या रजिस्टरमध्ये कागद शोधायचा तर तोच लागतो. म्हणून नियम असा की कागदावर शाईचा जो जो ठिपका आहे त्याची तर्जुम्यात दखल पाहिजे. वाचता आले नाही तर चौकोनी कंसात तसे लिहायचे, 'गोल शिक्का, अक्षरे पुसलेली' किंवा 'येथे दोन शब्द वाळवीने खाल्लेले' असे. न लागलेला शब्द अंदाजाने भरणे हे गाळण्यापेक्षा वाईट, कारण गाळलेले शोधता येते, भरलेले खरेच वाटते.

तपासताना आणखी एक काळजी घ्यायची. काही मजकूर फालतू वाटतो म्हणून गाळला जातो. आपल्या कागदात असे आहे की किंमत चौदाशे रुपये, 'ज्याचे निस्फ सातशे रुपये होतात'. निस्फ म्हणजे निम्मे. भाषांतर करणाऱ्याला वाटते, चौदाशेचे निम्मे सातशे हे शेंबड्या पोरालाही कळते, कशाला लिहा? पण ते वाक्य जुन्या लेखनिकाने मुद्दाम घातलेले कुलूप आहे. पुढे कोणी चौदाशेचे चोवीसशे केले तर निम्म्याचा आकडा जुळणार नाही, यासाठी ते असते. ते गाळले की कुलूपही गेले. कधी याच्या उलटही होते. निस्फ हा शब्द पाहून कोणी लिहितो की निम्मी रक्कम मिळाली, निम्मी बाकी आहे. मग फिटलेल्या व्यवहारावर सातशे रुपयांचे कर्ज उभे राहते.

दुसरी फेरी आकड्यांची. या फेरीत वाक्ये वाचायचीच नाहीत. फक्त आकडे पाहायचे आणि शक्य तर शेवटाकडून सुरुवातीकडे यायचे, म्हणजे अर्थाच्या ओढीने डोळा पळत नाही.

उर्दू आकड्यांचे काही स्वभाव ठाऊक असले की चुका नेमक्या कुठे होतात ते कळते. उर्दूतला पाच साधारण गोल असतो, आपल्या शून्यासारखा दिसतो. उर्दूतले शून्य म्हणजे नुसते टिंब. त्यामुळे मराठी डोळ्याला पाच हे शून्य वाटते आणि खरे शून्य शाईचा डाग वाटते. सात आणि आठ हे एकमेकांचे उलटे रूप आहेत. सात वर उघडा, आठ खाली उघडा. दोन आणि तीन यांत एका दाताचा फरक. शिवाय उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण आकडा डावीकडून उजवीकडे लिहितात. साध्या आकड्याला याचा त्रास होत नाही, पण सर्व्हे नंबरचा पोटहिस्सा तिरप्या रेघेने लिहिलेला असला की ११२ चा तिसरा हिस्सा आहे की ३ चा एकशेबारावा, असा घोळ होतो. तिथे गावच्या नकाशाशी ताडून पाहणे हाच उपाय. फार जुन्या हिशेबी कागदांत तर आकडे अंकांत नसतातच. ते 'रकम' नावाच्या चिन्हांत असतात, म्हणजे अरबी संख्यावाचक शब्दांच्या आखूड वळणांत. ते वाचणारा माणूस वेगळाच शोधावा लागतो आणि नुसत्या उर्दू जाणणाऱ्याने त्यात हात घालू नये.

आता आपल्या कागदातले क्षेत्र पाहू. मूळात ७ एकर २५ गुंठे आणि ४ एकर ३५ गुंठे आहेत. एका एकरात ४० गुंठे. पंचवीस आणि पस्तीस मिळून साठ, म्हणजे एक एकर वीस गुंठे. सात, चार आणि हा एक, असे बारा एकर वीस गुंठे. मूळ कागद स्वतःशी जुळतो. तर्जुम्यात मात्र टंकलेखकाने सोयीसाठी ७.२५, ४.३५ आणि एकूण १२.२० असे टिंब घालून लिहिले आहे. पुढच्या माणसाने गणकयंत्रावर बेरीज केली, ११.६० आली. त्याला वाटले, जुन्या माणसाची बेरीज चुकली. त्याने बाराच्या जागी ११.६० एकर केले. आता अकरा एकर आणि दशांश सहा म्हणजे अकरा एकर चोवीस गुंठे. बारा एकर वीस गुंठ्यांतून ते वजा करा. छत्तीस गुंठे, म्हणजे जवळजवळ एक एकर, एका टिंबापायी गेले. म्हणून तर्जुम्यात एकर आणि गुंठे हे शब्द अक्षरात लिहिले आहेत की नाहीत ते पाहायचे. टिंब दिसले की थांबायचे. हेक्टर-आरमध्ये रूपांतर करायचेच असेल तर ते कंसात, मूळ आकडा न हलवता. आपली बारा एकर वीस गुंठे म्हणजे सुमारे ५ हेक्टर ६ आर.

मूळ कागदातच बेरीज खरोखर चुकली असेल तर? तरीही ती दुरुस्त करायची नाही. आहे तशी उतरवायची आणि शेजारी 'मूळप्रमाणे' असा शेरा मारायचा. भाषांतर करणारा साक्षीदार असतो, न्यायाधीश नव्हे.

सालाचे असेच. १३४० फसली हे साल हिजरी समजले तर ते इ.स. १९२१-२२ होते. निजामाच्या राज्यातले फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यात सुरू होत असे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी फसलीत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. खुर्दाद हा सातवा महिना, म्हणजे साधारण एप्रिलच्या आसपासचा. तेव्हा आपले विक्रीखत १९३१ सालचे. हिजरी धरले तर कागद नऊ-दहा वर्षांनी म्हातारा होतो आणि कदाचित विकणारा त्या वेळी अज्ञान होता असे निघते. सगळ्यांना सरसकट ५९० मिळवले तर एक वर्ष चुकते. म्हणून तर्जुम्यात मूळ महिना आणि मूळ साल जसेच्या तसे असले पाहिजे, 'फसली' हा शब्द गळता कामा नये, आणि इसवी सन फक्त कंसात.

रुपयाचीही जात पाहायची. हाली सिक्का हा निजामाचा रुपया, कलदार हा इंग्रजी सरकारचा. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव असे. आपले चौदाशे हाली म्हणजे बाराशे कलदार. तर्जुम्यात नुसते 'चौदाशे रुपये' लिहिले आणि दुसऱ्या कागदात बाराशे कलदार असले, तर एकाच व्यवहाराचे दोन व्यवहार वाटू लागतात.

आणि शेवटी अक्षरी आकडे. 'पौने दो' म्हणजे पावणेदोन, 'पौने सौ' म्हणजे पाऊणशे, 'ढाई' म्हणजे अडीच. अंकी आणि अक्षरी रक्कम एकमेकांशी जुळते का, हे मूळातही पाहायचे आणि तर्जुम्यातही. हिस्से आण्यांत दिले असतील तर त्यांची बेरीज सोळा आणे व्हायलाच पाहिजे. आठ आणे, चार आणे आणि तीन आणे असे पंधराच भरले तर एक आणा कोणाचा तरी राहिला आहे.

तिसरी फेरी शब्दांच्या सारखेपणाची. कवितेत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर आम्हाला खुपतो, आम्ही पर्याय शोधतो. दस्तऐवजात हीच सवय घातक आहे. मूळात पाच ठिकाणी 'पट्टेदार' आहे आणि तर्जुम्यात एकदा खातेदार, एकदा मालक, एकदा जमीनधारक आले, तर वाचणाऱ्याला ती तीन माणसे वाटतात. मूळातला एक शब्द, तर्जुम्यातही एकच शब्द, हा पहिला नियम. आणि त्याचा जोडीदार दुसरा नियम असा की मूळात दोन वेगळे शब्द असतील तर तर्जुम्यात ते एकच होऊ नयेत.

दुसरा नियम मोडला की काय होते ते पाहा. १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्यात 'शिकमीदार' आणि 'असामी शिकमी' असे दोन शब्द आहेत. शिकमीदार म्हणजे पट्टेदाराबरोबर जमिनीत हक्क असलेला माणूस. असामी शिकमी म्हणजे खंड देऊन जमीन करणारा, आपल्या भाषेत कूळ. दोन्हींत शिकमी दिसतो म्हणून तर्जुम्यात दोघांनाही 'कूळ' लिहिले, तर जो जमिनीत भागीदार होता तो कागदावर दुसऱ्याचे रान करणारा होतो. पट्टेदाराचेही तसेच. त्या काळी पट्टेदार म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे आणि जो सरकारचा सारा भरतो तो. आज पट्टा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाडेपट्टा येतो. तर्जुम्यात 'भाडेपट्टेदार' आले की मालकाचा भाडेकरू झाला. 'काबिज' म्हणजे ज्याच्या ताब्यात जमीन आहे तो. ताब्यावरून कोणी 'ताबेदार' लिहितो, पण मराठीत ताबेदार म्हणजे हुकमाचा चाकर. तिथे 'कब्जेदार' हवे.

यावर उपाय एका पानाचा आहे. भाषांतर करतानाच एका कागदाच्या मधोमध रेघ ओढायची. एका बाजूला मूळ शब्द, दुसऱ्या बाजूला ठरवलेला मराठी शब्द. असा कागद तयार नसेल तर तपासणाऱ्याने तो करायचा आणि मग प्रत्येक शब्द तर्जुमाभर शोधत जायचे. संगणकावर असेल तर Ctrl+F दाबून शोधता येते, हाताने लिहिलेला असेल तर रंगीत पेन्सिलीने खुणा करायच्या.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर हैदराबादमध्येच राबवली गेली होती. उस्मानिया विद्यापीठाच्या वेळी, १९१७ साली, तिथे दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग निघाला. विद्यापीठाचे शिक्षण उर्दूत द्यायचे होते, त्यासाठी शास्त्रांची पुस्तके उर्दूत हवी होती. तिथे पारिभाषिक शब्द एकेकट्या भाषांतरकाराने ठरवायचे नसत, जाणकारांची समिती बसून ठरवी. आणि झालेले भाषांतर भाषेच्या दृष्टीने तपासायला निराळा माणूस असे. त्या पदाला 'नाजिर-ए-अदबी' म्हणत. जोश मलिहाबादींसारख्या मोठ्या शायराने हे काम केले आहे. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, ही गोष्ट तिथे दफ्तराच्या रचनेतच होती. आपल्या दोन पानी विक्रीखतालाही ती लागू आहे. ज्याने तर्जुमा केला त्याचा डोळा, जे लिहायचे होते तेच वाचतो. जे लिहिले गेले ते वाचायला दुसरा डोळा लागतो.

शब्दांच्या फेरीतच नावे पाहायची. उर्दू लिपीत ण आणि ळ नाहीत, आणि ऱ्हस्व स्वरांच्या खुणा बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे काळे हे आडनाव काले होते, पळसगावचे पलसगाव होते. एकाच तर्जुम्यात एका पानावर काळे आणि दुसऱ्या पानावर काले आले, तर समोरचा वकील ते दोन माणसे असल्याचे सांगेल. गावांची नावे महसुली गावांच्या यादीशी ताडून घ्यायची, माणसांची नावे घरच्यांना विचारून. आमच्या तालुक्याचे नाव उर्दू कागदात बसमत असते, मराठीत वसमत. तर्जुम्यात एकच रूप हवे. पण जिल्हा मात्र बदलायचा नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. १९३१ च्या कागदावर परभणी आहे, ते परभणीच राहील. एखादा भला माणूस ते सुधारून हिंगोली लिहितो, आणि त्या दिवशी अस्तित्वात नसलेल्या जिल्ह्यात दस्त झाला असे निघते.

चौथी आणि शेवटची फेरी. आता मूळ कागद घडी घालून बाजूला ठेवायचा आणि नुसता मराठी तर्जुमा वाचायचा. जिथे आपण अडखळतो, जिथे एखादा शब्द ओळखीचा वाटूनही अर्थ लागत नाही, तिथे खूण करायची. राहून गेलेले उर्दू तुकडे असेच सापडतात.

यातला सर्वांत फसवा तुकडा म्हणजे 'ऐजन'. याचा अर्थ 'वरीलप्रमाणे'. जुन्या तक्त्यांत वरचेच नाव खाली पुन्हा यायचे असेल तर लेखनिक ऐजन लिहीत असे. तर्जुम्यात तो शब्द तसाच राहिला की कब्जेदाराच्या रकान्यात 'ऐजन' नावाचा एक इसम उभा राहतो, आणि पुढे कोणी विचारतो, हे ऐजन कोण, यांचे वारस कुठे आहेत? 'अलअब्द' हा दुसरा. सही करणाऱ्याच्या नावाआधी तो लिहीत, अर्थ एवढाच की लिहून देणार. तो तसाच ठेवला तर अब्दुलसारखे कोणाचे नाव वाटते आणि हिंदू विक्रेत्यांच्या शेजारी एक मुसलमान विक्रेता अवतरतो. 'गवाह शुद' म्हणजे साक्ष झाली. 'बकलम खुद' म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिले. 'खाना नंबर चार' म्हणजे चौथा रकाना, जेवणाशी त्याचा संबंध नाही. 'मजकूर' म्हणजे उपरोक्त. मराठीत मजकूर म्हणजे लिखाण, म्हणून 'जमीन मजकूर' असे राहून गेलेले कोणाला खटकतही नाही.

दिशांचे शब्द तर फार जपून पाहावेत. मशरिक म्हणजे पूर्व, मगरिब म्हणजे पश्चिम, शुमाल म्हणजे उत्तर, जुनूब म्हणजे दक्षिण. ते तसेच राहिले तर चतुःसीमा कळत नाही, आणि मशरिक-मगरिब एकमेकांच्या जागी गेले तर शेत बांधाच्या पलीकडे जाते. याचाही ताळा आहे. नंबर ४७ च्या पूर्वेला नंबर ४८ असेल, तर नंबर ४८ च्या पश्चिमेला नंबर ४७ आले पाहिजे. नसेल आले तर दिशा चुकली किंवा सात-आठचा आकडा उलटला.

मात्र ही फेरी करताना अतिउत्साह नको. फारसी-अरबीतून आलेला प्रत्येक शब्द राहून गेलेला तुकडा नसतो. जमीन, तारीख, वारस, मयत, नक्कल, दस्तऐवज हे शब्द आता मराठीच आहेत. ते बदलून कोणी 'उत्तराधिकारी' आणि 'दिवंगत' केले तर तर्जुमा शुद्ध होत नाही, फक्त परका होतो. माझी कसोटी सोपी आहे. हट्ट्याच्या बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला शब्द कळतो का? 'वारस' कळतो, तो राहू द्या. 'मुतवफ्फी' कळत नाही, तिथे 'मयत' लिहा.

चार फेऱ्या झाल्या की चुका दुरुस्त होतात आणि नवी प्रत टाईप होते. इथे बहुतेक जण थांबतात. पण दुरुस्ती करतानाच शेजारची ओळ उडते किंवा एक आकडा सुधारताना दुसरा बिघडतो. म्हणून दुरुस्त केलेली जागा, तिच्या वरची ओळ आणि खालची ओळ पुन्हा मूळाशी ताडायची.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मूळ कागद शिकस्ता वळणात, म्हणजे घाईच्या मोडक्या लिपीत असेल आणि भाषांतरकाराने व तपासणाऱ्याने एकच शब्द सारखाच चुकीचा वाचला, तर चारही फेऱ्या निर्धोक पार पडतील आणि चूक तशीच राहील. अशा वेळी त्याच घरातले किंवा त्याच गावचे दुसरे जुने कागद काढून तोच शब्द तिथे कसा लिहिला आहे ते पाहावे लागते. शंका राहिलीच तर ती कंसात लिहून ठेवायची.

आपल्यापैकी बहुतेकांना उर्दू येत नाही. तरी उद्या आपल्या घरच्या कागदाचा तर्जुमा हातात आला तर पैसे देण्यापूर्वी एवढे कराच. मूळावरचे अंगठे आणि तर्जुम्यातली नावे मोजा. मागच्या पानाचा आणि शिक्क्यांचा उल्लेख आहे का पाहा. एकर आणि गुंठ्यांची बेरीज चाळीसच्या हिशेबाने करा. आणे सोळा भरतात का बघा. सालापुढे फसली की हिजरी हे लिहिले आहे का, रुपयापुढे हाली की कलदार हे आहे का, ते विचारा. बांधाला बांध लागतो का ताडून पाहा. आणि तर्जुम्यात कोणी अनोळखी इसम दिसला, तर तो खरोखरच माणूस आहे की नुसता 'ऐजन' आहे, हे आधी विचारून घ्या.